‘दुखलं तर या’ एवढ्यानं भागत नाही: मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर वृद्ध रुग्णाला शिकवायचं कसं आणि असाइनमेंटमध्ये मांडायचं कसं

नेत्ररोग पोस्टिंगच्या असाइनमेंट तपासायला येतात, तेव्हा ‘हेल्थ टीचिंग’चं पान बहुतेक वह्यांत सारखंच असतं. डोळा चोळू नये, डोक्यावरून पाणी घेऊ नये, जड उचलू नये, औषध वेळेवर टाकावं, त्रास झाल्यास दवाखान्यात यावं. पाच-दहा ओळी, खाली सही. यातलं एकही वाक्य चूक नाही. पण ते कोणाला सांगितलं, त्या माणसाला ते जमलं का, आणि जमलं नाही तेव्हा तुम्ही काय केलं, हे त्या पानावर नसतं. मार्क जातात ते तिथे.

मी हे शिकले ते एका आजोबांमुळे. नोकरीची सुरुवातीची वर्षं होती. डिस्चार्जच्या वेळी मीही तेच म्हणाले होते, ‘आजोबा, दुखलं तर लगेच या.’ ते ऑपरेशननंतर सातव्या दिवशी, दिलेल्या तारखेला शहाण्यासारखे आले. डोळा लाल, बुबुळाच्या खालच्या भागात पांढरट पू साचलेला. तीन दिवसांपासून दिसणं कमी होत चाललं होतं. ‘मग आला का नाहीत?’ असं विचारल्यावर म्हणाले, ‘सिस्टर, दुखत नव्हतं ना. तुम्हीच सांगितलं होतं, दुखलं तर या.’ त्या डोळ्यात पुढे फक्त उजेड-अंधार कळण्याइतकीच दृष्टी राहिली. त्यांनी माझं सांगणं तंतोतंत पाळलं होतं. चुकलं होतं ते सांगणं.

म्हणून या लेखात मी दोनच गोष्टींवर वेळ घालवणार आहे: थेंब टाकायला शिकवणं आणि धोका ओळखायला शिकवणं. बाकीची पथ्यं थोडक्यात. सोबत एक केस शेवटपर्यंत नेते, म्हणजे असाइनमेंटच्या रकान्यांत काय भरायचं ते दिसेल.

केस आणि शिकवण्याआधीची पाहणी

रुग्ण ७१ वर्षांच्या आजी, राहणार लालबागच्या एका चाळीत, दुसरा मजला. (असाइनमेंटमध्ये नाव, पत्ता, केस पेपरचा नंबर लिहू नका. वय, लिंग आणि राहणीमान पुरेसं असतं.) उजव्या डोळ्याची एसआयसीएस झाली, म्हणजे लहान छेदाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया, आणि आत कृत्रिम भिंग बसवलं. डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू आहे, त्याचं ऑपरेशन व्हायचं आहे. दहा वर्षांपासून मधुमेह, गोळ्या चालू. दोन्ही अंगठ्यांचे सांधे दुखतात. ऐकायला थोडं कमी येतं. घरात मुलगा, सून आणि आठवीतली नात. सून सकाळी साडेआठला कामावर जाते, सातपर्यंत परतते. संडास मजल्याच्या टोकाला, सामाईक.

या परिच्छेदातली प्रत्येक गोष्ट पुढे कामाला येणार आहे, म्हणूनच ती लिहिली. अंगठा दुखतो म्हणजे बाटली दाबता येईल का? डावा डोळा अधू आहे म्हणजे रात्री उजव्यावर कवच लावल्यावर आजी जवळपास आंधळ्या होणार, आणि त्यांना संडासला चाळीच्या टोकाशी जायचं आहे. सून दिवसभर नाही म्हणजे दुपारचे थेंब कोण टाकणार? अशी पाहणी न करता शिकवायला बसलं की आपण पुस्तकातल्या रुग्णाला शिकवतो, समोरच्याला नाही.

यातून नर्सिंग डायग्नोसिस तीन निघतात आणि तीन पुरेत. पहिलं, शस्त्रक्रियेच्या जखमेमुळे डोळ्याच्या आत जंतुसंसर्गाचा धोका. दुसरं, सांधेदुखी, कमी ऐकू येणं आणि पूर्वी कधी थेंब न टाकल्यामुळे औषध टाकण्याबाबत ज्ञान आणि कौशल्याची कमतरता. तिसरं, एका डोळ्यावर कवच आणि दुसऱ्यात मोतीबिंदू यामुळे पडण्याचा धोका. ‘चिंता’ हे चौथं डायग्नोसिस सगळेच जोडतात. रुग्ण खरंच चिंतेत दिसला असेल आणि तुम्ही त्याचं काही केलं असेल तरच जोडा.

कधी आणि कसं बसायचं

ऑपरेशनहून नुकतं आणलेल्या, डोळ्यावर पट्टी असलेल्या म्हाताऱ्या माणसाला शिकवू नका. त्याला भूक लागलेली असते, भूल उतरत असते, आणि ‘झालं एकदाचं’ या आनंदात कान बंद असतात. शिकवणं तीन बैठकांत वाटा. पहिली ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दहा मिनिटं, फक्त हाताचा सराव. दुसरी, ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढून डॉक्टरांनी तपासल्यावर. ही खरी बैठक. तिसरी डिस्चार्जच्या वेळी, घरच्या माणसासमोर.

कमी ऐकू येणाऱ्याशी ओरडून बोललं तर शब्द फाटतात आणि आणखी कळेनासे होतात. त्यापेक्षा समोर बसा, मास्क खाली घेता येत असेल तर ओठ दिसू द्या, आवाज जरा जाड आणि सावकाश ठेवा. खिडकीकडे पाठ करून बसू नका. बाहुली अजून मोठी असते, उजेड डोळ्यात जातो आणि तुमचा चेहरा काळा दिसतो.

आणि ‘समजलं का?’ हा प्रश्न टाळा. आपल्याकडच्या आजी-आजोबांचं याला एकच उत्तर असतं: ‘हो बाळा, समजलं.’ त्यात तुमचा मान राखणं जास्त असतं, समजणं कमी. त्याऐवजी म्हणा, ‘आजी, घरी गेल्यावर सूनबाई विचारेल, सिस्टरनं काय सांगितलं? तर काय सांगाल?’ हातानं करायची गोष्ट असेल तर ‘आता तुम्ही करून दाखवा.’ पहिल्याला टीच-बॅक म्हणतात, दुसऱ्याला रिटर्न डेमॉन्स्ट्रेशन. तुमच्या मूल्यमापनाचा सगळा रकाना यातूनच भरला जातो.

थेंब: आधी हिशेब, मग हात

आजींच्या डिस्चार्ज कार्डावर दोन औषधं होती. मॉक्सिफ्लॉक्सॅसिन ०.५ टक्के, हे प्रतिजैविक, दिवसातून ४ वेळा, एक आठवडा. आणि प्रेडनिसोलोन ॲसिटेट १ टक्का, हे स्टेरॉइड, पहिल्या आठवड्यात ६ वेळा आणि मग दर आठवड्याला एकेक वेळ कमी करत सहा आठवड्यांत बंद. प्रत्येक सर्जनचा क्रम थोडा वेगळा असतो. तुमच्या रुग्णाच्या कार्डावर असेल तोच लिहा, माझा उतरवू नका.

आता कागद घेऊन मोजा. स्टेरॉइडचे थेंब पहिल्या आठवड्यात ४२, मग ३५, २८, २१, १४, ७. एकूण १४७. बाटली ५ मिलीची. एक थेंब साधारण ४० मायक्रोलिटर धरला तर बाटलीत १२५ थेंब. पहिल्या चार आठवड्यांतच १२६ लागतात. म्हणजे एकही थेंब गालावर न सांडता टाकला तरी महिन्याच्या शेवटी बाटली संपते, आणि नवख्या हातातून थेंब सांडतातच. शिवाय उघडलेली बाटली महिन्यानंतर टाकून द्यायची असते. पण बाटली संपली की म्हातारं माणूस काय समजतं? कोर्स संपला. स्टेरॉइड असं मध्येच तुटलं की डोळ्यातली सूज उलटून येते; डोळा लाल होतो, उजेड सहन होत नाही. म्हणून ‘दुसरी बाटली घ्यावी लागेल’ हे डिस्चार्जच्या दिवशीच सांगायचं आणि कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहायचं. हा हिशेब असाइनमेंटमध्ये केलेला मी क्वचितच पाहिला आहे.

दोन बाटल्या ओळखायच्या कशा? ‘लेबल वाचा’ म्हणू नका, जवळचं दिसत नाही म्हणून तर त्या इथे आल्या. झाकणाच्या रंगावरही जाऊ नका. दुकानदारानं दुसऱ्या कंपनीची बाटली दिली की रंग बदलतो. आजींच्या स्टेरॉइडच्या बाटलीला आम्ही रबरबँड गुंडाळला. ‘रबरवाली बाटली हलवायची, साधी हलवायची नाही.’ प्रेडनिसोलोन ॲसिटेट पाण्यात विरघळलेलं नसतं, दुधासारखं गढूळ असतं, आणि उभ्या बाटलीत तळाला बसतं. न हलवता टाकलं तर सुरुवातीला नुसतं पाणी पडतं आणि औषध तळाशी राहतं. दोन्ही बाटल्या एका वेगळ्या डब्यात, कानाचे थेंब आणि झटपट चिकटवायच्या गोंदाच्या ट्यूबपासून दूर ठेवायच्या. गोंदाचं हसण्यावारी नेऊ नका. अशा ट्यूबा हुबेहूब थेंबांच्या बाटलीसारख्या असतात आणि डोळ्यात गोंद गेलेले रुग्ण नेत्रविभागात येतात.

क्रम असा ठेवला: आधी साधी बाटली, मग पाच मिनिटं थांबायचं, मग रबरवाली. पापणीच्या खोबणीत एक थेंबदेखील पुरता मावत नाही. लगेच दुसरा टाकला तर तो पहिल्याला धुऊन बाहेर नेतो. त्याच कारणानं ‘जास्त गुण येईल’ म्हणून दोन-तीन थेंब टाकण्यात अर्थ नाही. जास्तीचं औषध गालावर जातं आणि बाटली पंधरा दिवसांत संपते.

आता हात. पट्टी निघाल्यावर आजींना मी सांगितलं नाही, आधी करायला लावलं. आदल्या दिवशी तळहाताच्या मागच्या बाजूवर सराव झाला होता, तरीही पहिल्या प्रयत्नात काय झालं ते तसंच्या तसं नोंदवहीत आहे: हात धुतले नाहीत, बाटलीचं टोक पापणीच्या केसांना लागलं, एकदम तीन थेंब पडले, दोन गालावर, आणि लगेच पदराच्या टोकानं डोळा पुसला. यात आजींचा दोष नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात मोतीबिंदूनंतर पहिल्यांदाच थेंब टाकणाऱ्या ५४ रुग्णांना प्रत्यक्ष पाहिलं गेलं, तेव्हा दहापैकी नऊहून अधिक जणांची पद्धत चुकीची निघाली. कुणाचा थेंब डोळ्यात पडलाच नाही, कुणी टोक डोळ्याला टेकवलं, बहुतेकांनी हात धुतले नाहीत.

मग एकेक चूक धरून दुरुस्त केली. हात साबणानं धुऊन झटकून सुकवायचे किंवा स्वच्छ रुमालाला पुसायचे, साडीला नाही. उशीला टेकून किंवा आडवं पडून वर छताकडे बघायचं. बसून मान मागे टाकली तर म्हाताऱ्या माणसाला गरगरतं. खालची पापणी खाली ओढायची, पण बोट गालाच्या हाडावर ठेवून. बोट डोळ्यावर दाबलं जाता कामा नये. का, तेही सांगावं. एसआयसीएसमध्ये साधारण सहा-साडेसहा मिलिमीटरचा छेद असतो आणि तो टाक्यानं नाही, आतल्या दाबानं बंद राहतो. मी आजींना म्हणाले, ‘आतून रेटून धरलेलं दार आहे. बाहेरून दाबलंत तर फट पडते, आणि फटीतून बाहेरचं पाणी आत जातं.’ हे त्यांना बरोबर लक्षात राहिलं. सातव्या दिवशी त्यांनी मलाच ऐकवलं.

बाटली धरलेल्या हाताची मूठ कपाळाला टेकवली की हात थरथरत नाही. टोक डोळ्यापासून बोटभर वर. एक थेंब पडला की डोळा हलकेच मिटून दोन मिनिटं तसंच राहायचं. घट्ट मिटायचा नाही, उघडझाप करायची नाही. त्यानं औषध बाहेर फेकलं जातं किंवा नाकात उतरतं. घशात कडू लागलं तर घाबरू नका म्हणावं. गालावरचं ओघळलेलं तेवढं स्वच्छ कापसानं टिपायचं. आणि पदराबद्दल एकदा सांगून भागत नाही. ती साठ वर्षांची सवय आहे. आजींना आम्ही पदराच्या त्या टोकाला गाठच मारायला लावली. डोळ्याकडे हात गेला की गाठ हाताला लागते आणि आठवण होते.

दुसऱ्या प्रयत्नात टोक लागलं नाही, पण अंगठा बाटली दाबू शकला नाही. चौथ्यापर्यंत तसंच. तेव्हा ठरवलं की आजींनी स्वतः टाकायचंच नाही. हे अपयश नव्हे, पण वहीत लिहायचं धैर्य बरेच विद्यार्थी करत नाहीत. ‘रुग्णानं योग्य पद्धत दाखवली’ असं खोटं लिहिण्यापेक्षा ‘रुग्णाला जमत नाही, दुसरी व्यक्ती शिकवली’ हे कितीतरी चांगलं मूल्यमापन आहे. घरी अगदीच कोणी नसेल तर एक आडवाट असते: उताणं झोपून डोळे मिटायचे, पापण्या स्वच्छ असल्याची खात्री करायची, नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब टाकायचा आणि मग डोळा उघडायचा, थेंब आपोआप आत जातो. नेम कमी लागतो, म्हणून ती पहिली पसंती नाही.

दुपारचे थेंब

सहा वेळा म्हणजे सकाळी ७, १०, दुपारी १, ४, संध्याकाळी ७, रात्री १०. यातले ७, ७ आणि १० सुनेकडे. मुलगा सकाळी घरी असतो, त्याची शिफ्ट दुपारी लागते, म्हणून १० त्याच्याकडे. नात शाळेतून साडेबाराला येते, म्हणजे १ तिच्याकडे. चौदा वर्षांच्या मुलीचे हात आपल्याहून स्थिर असतात. ४ वाजता ती क्लासला. उरला एक थेंब. तो शेजारच्या काकूंकडे गेला. चाळीत हे विचारावं लागत नाही, पण शिकवावं मात्र लागतं, म्हणून काकूंनाही डिस्चार्जच्या वेळी बोलावून घेतलं. प्रतिजैविक ७, १, ७ आणि १० ला, म्हणजे त्या चार वेळी दोन बाटल्या, पाच मिनिटांच्या अंतरानं.

तक्ता छापील देऊ नका. जाड स्केचपेननं, इंचभर आकड्यांत, चौकोन काढून द्या आणि टाकला की त्यावर रेघ मारायला सांगा. पहिल्या आठवड्याचाच द्या. सहा आठवड्यांचा एकदम दिला की कितव्या आठवड्यात किती वेळा, यात घरातले शिकलेलेही चुकतात. पुढचा तक्ता फेरतपासणीला आल्यावर.

धोका: दुखण्याआधी दिसणं

आता त्या आजोबांकडे परत. ऑपरेशननंतर डोळ्याच्या आत होणाऱ्या संसर्गाला एंडोफ्थॅल्मायटिस म्हणतात. हजारात एखाद-दुसऱ्याला होतो, बहुधा पहिल्या आठवड्यात, आणि झाला की पडद्याचं नुकसान तासांच्या हिशेबानं वाढतं. १९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एंडोफ्थॅल्मायटिस व्हिट्रेक्टॉमी स्टडी या मोठ्या अभ्यासात असे ४२० रुग्ण होते. त्यांतल्या साधारण चौघांपैकी एकाला दुखतच नव्हतं. पण धूसर दिसत होतं ते जवळपास सगळ्यांना, शंभरात चौऱ्याण्णव जणांना. म्हणजे रुग्णाच्या हाती द्यायची खूण दुखणं नाही, दिसणं आहे.

आजींना आम्ही एकच रोजचं काम दिलं. सकाळचे थेंब टाकण्याआधी, खाटेच्या त्याच कोपऱ्यावर बसायचं, डावा डोळा तळहातानं झाकायचा (दाबायचा नाही) आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचे मोठे आकडे पाहायचे. कालच्याइतके किंवा कालच्याहून चांगले दिसले तर ठीक. कालच्याहून कमी दिसले तर त्याच दिवशी, तारखेची वाट न पाहता, आणि रात्र असली तरी अपघात विभागात. दुखो वा न दुखो. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिलं तर चांगला डोळा वाईट डोळ्याचं पाप झाकतो, म्हणून झाकणं महत्त्वाचं.

यासोबत आणखी तीनच खुणा सांगितल्या. लाली ओसरायच्या ऐवजी वाढणं किंवा चिकट पिवळा स्राव. डोळा आणि डोकं ठणकून मळमळणं, हे बहुधा डोळ्यातला दाब वाढल्याचं असतं आणि घरचे पित्त समजून बसतात. आणि डोळ्यात विजेसारखी चमक, अचानक काळे ठिपके किंवा बाजूनं पडदा सरकल्यासारखं वाटणं, म्हणजे पडदा सुटतो आहे का ते पाहायला हवं. मुद्दाम एवढ्यावर थांबले. दहा लक्षणं सांगितली की एकही आठवत नाही.

जे घाबरण्यासारखं नाही, तेही सांगावं लागतं, नाहीतर लोक विनाकारण धावतात आणि दुसऱ्यांदा यायला लाजतात. बारीक वाळू गेल्यासारखं खुपणं, थोडं पाणी येणं, उजेड टोचणं, पांढरं जरा निळसर आणि लख्ख दिसणं हे पहिले काही दिवस चालतं. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर रक्ताचा लाल डाग असेल, दिसणं कमी झालं नसेल, तर तो दोन-तीन आठवड्यांत आपोआप जातो.

धोक्याची खूण दिसली तर काय करायचं नाही, हेही टीच-बॅकमध्ये विचारा. केमिस्टकडून थेंब आणायचे नाहीत, गुलाबपाणी, मध, एरंडेल, काजळ काही घालायचं नाही, डोळा पाण्यानं धुवायचा नाही. आजींचं पहिलं उत्तर होतं, ‘मी आधी दूध टाकून बघीन.’ समजलं का, असं विचारलं असतं तर हे कधीच बाहेर आलं नसतं.

बाकीची पथ्यं

डोळ्याची स्वच्छता दिवसातून एकदा-दोनदा. कापूस पाण्यात टाकून दहा मिनिटं उकळायचा, झाकून गार करायचा, धुतलेल्या हातांनी पिळायचा, डोळा मिटून नाकाकडून कानाकडे एकदा पुसायचं आणि तो बोळा टाकायचा. नळाचं पाणी मुंबईत कितीही स्वच्छ आलं तरी ड्रमात साठवून ठेवलेलं असतं, म्हणून उकळणं सोडायचं नाही. आंघोळ गळ्याखाली, डोक्यावरून कधी घ्यायची ते सर्जन सांगतील, बहुधा आठ-दहा दिवसांनी, आणि तेव्हाही पार्लरसारखं डोकं मागे टाकून, दुसऱ्याच्या हातानं.

कवच रात्री आणि दुपारच्या झोपेत, किमान आठवडाभर. त्याची कड कपाळाच्या आणि गालाच्या हाडावर टेकली पाहिजे, पापणीवर नाही. रोज साबणानं धुऊन सुकवायचं. कुशीवर झोपायचं तर डाव्या. दिवसा काळा चष्मा उन्हासाठी नव्हे, तर धूळ, वारा आणि स्वतःच्या बोटांपासून बचाव म्हणून. गणपतीत लालबागला राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, पण सांगाच: गर्दी आणि गुलाल टाळायचा.

वाकण्या-उचलण्याबद्दल जरा समजून सांगा. वीस लिटरचा पाण्याचा कॅन नाही, तांब्या चालेल. देवासमोर हात जोडावेत, डोकं टेकवू नये. जोर लावून शौचाला बसू नये. बद्धकोष्ठ असेल तर डॉक्टरांना सांगून इसबगोल. खोकला असेल तर तो लपवू नये. टीव्ही पाहायला हरकत नाही. टाक्यांच्या जुन्या ऑपरेशनच्या आठवणीतून लोक महिनाभर अंधारात बसतात, त्याची गरज नाही. फोडणीपासून आठवडाभर लांब. आणि डाळ-भात, आंबट, वांगं खाल्लं की डोळ्यात पू होतो, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. मधुमेही बाईनं आठवडाभर चहा-बिस्किटावर काढला की साखर बिघडते आणि संसर्गाचा धोका खरोखरच वाढतो. नेहमीचं जेवण, नेहमीच्या गोळ्या.

पडण्याचा धोका आजींच्या बाबतीत मोठा होता. उपाय साधे: खोलीत आणि मजल्यावर रात्री दिवा, उठताना नातीला हाक, आणि रात्री वापरायला खोलीतच भांडं. शेवटचं त्यांना आवडलं नाही. सून म्हणाली, ‘पंधरा दिवस, आई.’ मी तिथे बोलले नाही.

सातवा दिवस आणि मूल्यमापनाचा रकाना

उद्दिष्ट लिहिताना ‘रुग्णाला ज्ञान मिळेल’ असं लिहू नका, ते मोजता येत नाही. आमचं उद्दिष्ट असं होतं: डिस्चार्जपूर्वी सून, मुलगा, नात आणि शेजारीण यांपैकी प्रत्येक जण सलग दोनदा, टोक न लावता, एकच थेंब डोळ्यात टाकेल, आजी धोक्याच्या चार खुणा आणि ‘त्याच दिवशी यायचं’ हे न आठवण देता सांगतील. सून, मुलगा आणि नात यांना दुसऱ्या प्रयत्नात जमलं. काकूंचा हात पापणीला लागत होता, त्यांना पाच वेळा करावं लागलं. आजींना चमक आणि पडदा ही खूण दोनदा आठवण द्यावी लागली. हे सगळं वहीत आहे.

फेरतपासणीला बाटल्या आणि तक्ता सोबत आणायला सांगितलं होतं. हे नेहमी सांगा. बाटलीचं टोक पाहिलं की पद्धत कळते: पांढरा खर किंवा पापणीचा केस चिकटलेला दिसला तर टोक लागतं आहे. तक्त्यावर चारच्या रकान्यात दोन दिवस रेघ नव्हती. काकू गावी गेल्या होत्या. म्हणून दुसऱ्या आठवड्यात स्टेरॉइड पाच वेळा झाल्यावर वेळा बदलून चारचा रकानाच काढून टाकला: ७, १०, १, ७, १०. दृष्टी पहिल्या दिवशी ६/२४ होती, ती ६/१२ झाली. डोळ्याचा दाब मोजला, नीट होता. स्टेरॉइडच्या थेंबांनी काही जणांचा दाब वाढतो, म्हणून पुढच्या भेटीतही मोजायला लिहून दिलं. पदराची गाठ अजून होती.

जाताना आजींनी विचारलं, चष्मा कधी. जखम भरून नंबर स्थिरावायला सहा आठवडे, आणि वाचायला चष्मा लागणारच, कारण भिंग एकाच अंतराचं आहे. हे आधी सांगितलं नाही तर पेपर वाचता येईना म्हणून ऑपरेशन फसलं असं घरी ठरतं. दुसरी बाटली घेतली का, असं मी सुनेला विचारलं. तिनं पिशवीतून काढून दाखवली. रबरबँड आधीच लावलेला होता.